जांभळा आकडा

पत्र्याच्या डब्यात एकवीस कागद होते: घरपट्टीच्या नऊ पावत्या, सुंभाची सात बिले, चार पत्रे आणि एक पंचांग. विम्याच्या चार आणि हायस्कूलच्या देणगीची एक, या पाच पावत्या नव्हत्या.

मालवणात सुंभ-खोबऱ्याचा व्यापार करणाऱ्या भाईंना इन्कमटॅक्स ऑफिसरचे पत्र आले होते. १९६३-६४ सालच्या विमा हप्त्यांचा आणि तीनशे रुपये देणगीचा पुरावा पंधरा दिवसांत द्या, नाहीतर दोन्हींवरची सूट नामंजूर.

"नर्मदे, चुलीत घातलंस मगे?"

"माझ्याच हातान गेले असतले," आई खालमानेने म्हणाली.

त्यांचा मुलगा गुरुदास उत्तराचा मसुदा लिहीत होता. 'घरच्यांच्या हलगर्जीपणाने पावत्या गहाळ' इथवर आला आणि टाक थांबला. बी.एस्सी.च्या संग्रहासाठी त्याने समुद्रशेवाळ दाबून वाळवले होते. ओल टिपायला डब्यातले कागद न बघता उचलले. त्यांचा लगदा झाला, तो त्याने किनाऱ्यावर टाकून दिला. गेले आठ दिवस आई बोलणी खात होती आणि तो जेवत होता.

विम्याचे सोपे होते. शाखेला पॉलिसीचा नंबर कळवून, हप्ते भरल्याचा दाखला त्याने मागवला होता. हायस्कूलचे सेक्रेटरी शंकरराव मात्र म्हणाले होते, "पावतीचा नंबर आण. पासष्ट पुस्तकांच्या स्थळप्रती कोण चाळणार?"

त्याने संग्रह उघडला. सातव्या नमुन्यामागे पावतीवरची कॉपिंग पेन्सिलीची अक्षरे ओल लागून जांभळी, उलटी उमटली होती. आरशात धरल्यावर वाचता आली: ४१२७, रु. ३००. नंबर खंय गावलो, हे भाई विचारणारच.

त्याने नमुना भाईंपुढे ठेवला.

"आयेन नाय, भाई. मी घेतलंय."

भाईंनी नमुना उलटासुलटा केला. "ह्या गवतापायी?"

"हो."

"आणि ही आठ दिस माझा ऐकान घेता." ते आईकडे न बघता म्हणाले, "गो, चाय ठेव. तुकाय घे."

गुरुदासने मसुदा फाडला. नव्यात लिहिले, 'पावत्या माझ्या मुलाकडून भिजून नष्ट झाल्या.' भाईंनी सही केली. शंकररावांनी स्थळप्रतीवरून दाखला दिला.

विम्याचा दाखला शेवटच्या दिवशी आला. गुरुदास तारखा वाचू लागला. मार्चच्या सत्तावीस तारखेला भाईंनी चौथ्या हप्त्याचे पैसे भरायला त्याच्या हाती दिले होते. त्या आठवड्यात मोठी ओहोटी होती आणि तो रोज खडकांवर होता. उशीर झाला तर झाला, विम्याच्या सवलतीच्या मुदतीत बसेल, असे त्याने धरले होते.

त्याने दाखला भाईंना वाचून दाखवला, शेवटची ओळसुद्धा, आणि तसाच उत्तराला जोडला.

महिन्याने ऑर्डर आली. देणगी तीनशे, मान्य. विमा हप्ते चार, प्रत्येकी शहाऐंशी रुपये, तीन मान्य. चौथा ४ एप्रिल १९६४ रोजी भरल्याने या वर्षात धरता येत नाही. नामंजूर रक्कम शहाऐंशी रुपये.