पाडव्याच्या चित्रातला प्रवीण

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी भूमिकेने, म्हणजे माझ्या थोरल्या नातीने, मोबाईल माझ्या हाती दिला आणि त्यातले चित्र पाहून मी म्हणाले, "याला म्हणतात घराणे." ते वाक्य मी उच्चारले, मोठ्याने उच्चारले, आणि ते परत घेण्याची सोय नाही.

आमच्या भिलाईतल्या कुरुदच्या घरून गावाकडे, तुमसरकडच्या सर्व भाऊबंदांना पाडव्याचा फोटो जातो. यजमान कारखान्यात नोकरीला लागून आम्ही भिलाईत आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून ही रीत मी पाळली आहे. आरंभी स्टुडिओत काढलेला फोटो पाकिटातून जाई, आता मोबाईलवरून जातो. पण कोणी कोठे उभे राहावे, कोणी काय नेसावे, हे मीच ठरवते. गावाकडे सर्वांना वाटते की हिंदी मुलखात राहून आमचे मराठीपण विरघळले असेल. त्यांना वर्षातून एकदा उत्तर दिलेच पाहिजे.

या वर्षी भूमिका म्हणाली, "आजी, कोणाले काही नेसाची गरजच नाई. साधा फोटो टाकायचा, कोणी काय घालावं ते लिहून द्यायचं. मोबाईल कपडे बदलून देते. त्या लिहिण्याले प्रॉम्प्ट म्हणतात."

"लिही मग," मी म्हणाले. "मी सांगते."

"फक्त कपडे सांगा हं. चेहऱ्याबद्दल काही नोको."

येथल्या मराठी मंडळाच्या बालवर्गाला मी एकतीस वर्षे मराठी शिकवले आहे. मला वाक्य कसे बांधावे हे शिकवणारी ही मुलगी कालपर्यंत काना आणि वेलांटी विसरत होती. तिने रविवारी अंगणात काढलेला आम्हा सर्वांचा फोटो घेतला आणि मी डोळे मिटून सांगू लागले. तेजस्वी मुद्रेचे आजोबा, शुभ्र धोतर, काळा कोट, डोक्यास फेटा. सात्त्विक, प्रसन्नवदन आजी, कोशाच्या रेशमाचे जांभळे लुगडे. घरंदाज सून, हिरवे लुगडे. राजबिंडा, निष्कलंक कांतीचा मुलगा, केशरी फेटा. थोरली नात सुवर्णकांती, धाकटी परकर-पोलक्यात गोंडस. सर्वांनी समोर पाहावे, कारण शुभेच्छा देणारा माणूस तोंड फिरवून उभा राहत नसतो.

यजमान दाराशी वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "येवढं तर माह्या लग्नपत्रिकेत बी नोतं लिहिलं."

"तुमचे लग्न लागले ते नशीब समजा," मी म्हणाले, आणि सून मोनाली पदराआड हसली.

मग ते चित्र आले. यजमानांना भरघोस मिशा आल्या होत्या आणि समोरच्या दोन दातांमधली फट बुजली होती. मी पन्नाशीची दिसत होते. माझ्या मुलाच्या, प्रवीणच्या माथ्यावर केशरी फेटा होता, छाती रुंद होती, दोन्ही गाल उजळ होते. तेव्हाच मी ते वाक्य उच्चारले.

धाकटी उन्नती माझ्या मांडीवर चढली. ती पाच वर्षांची आहे. तिने बोट ठेवून एकेक ओळखायला सुरुवात केली. "ये आजी. ये मम्मी. ये दीदी." केशरी फेट्यापाशी बोट थांबले.

"आजी, ये अंकल कौन है?"

तिने चित्र इकडून तिकडे पाहिले.

"पप्पा को क्यों नहीं लिया?"

आणि मी मान वर केली तेव्हा प्रवीण पहिली पाळी संपवून दारात उभा होता.

चार वर्षांपूर्वी जवळच्याच हथखोजच्या एका लहान कारखान्यात लोखंडाचे ओतकाम करताना तापल्या रसाचा शिंतोडा त्याच्या तोंडावर उडाला. डोळा वाचला. डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. तेव्हा उन्नती रांगत होती. तिला बापाचे दुसरे तोंड ठाऊकच नाही. ती रोज रात्री त्याच गालावर हात ठेवून झोपते. हे मला त्या क्षणी प्रथम उमगले.

प्रवीणने मोबाईल माझ्या हातून घेतला, पाहिला आणि शांतपणे परत दिला.

"चांगला हाय," तो म्हणाला. "हाच पाठवा."

"मी नाही सांगितले तसे," मी म्हणाले. "यंत्राने केले."

भूमिकेने माझ्याकडे पाहिले. मग खाली पाहून ती म्हणाली, "आजी, तुम्ही कपड्यांसंग चेहरे पण सांगितले. निष्कलंक म्हटलं तर थे निष्कलंकच बनवणार. थ्याले वाटलं, चेहरा नवा पायजे."

आयुष्यात माझ्या भाषेबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. मी निमूटपणे तिच्या शेजारी बसले.

दुसऱ्या वेळी तिने पहिल्या चित्रावर काम केले नाही. बदललेल्यावर पुन्हा बदल केला की माणूस आणखी दूर जातो, असे ती म्हणाली. म्हणून मूळ फोटोपासूनच आरंभ केला. आरंभीच लिहिले: चेहरा, वय, बांधा, चष्मा, दात जसेच्या तसे, बदल केवळ कपड्यांत. विशेषणे सर्व गळाली. कपाळ आणि कान झाकतात म्हणून फेटे गळाले. 'सर्वांनी समोर पाहावे' एवढे राहिले. नवे चित्र बोटांनी मोठे करून आम्ही एकेक तोंड मूळ फोटोशी ताडून पाहिले. यजमानांची फट परत आली होती. माझ्या सुरकुत्या आल्या होत्या. मोनालीच्या भुवईवरचा तीळ जागेवर होता.

प्रवीणचा डावा गाल मात्र तसाच गुळगुळीत होता.

"आता काहून?" मोनालीने विचारले.

भूमिकेने मूळ फोटो उघडून दाखवला. प्रवीण रांगेच्या टोकाला, घरच्यांकडे वळून उभा होता. उजवा गाल उजेडात. डावा दिसतच नव्हता. "फोटोतच नाई तर थे कुठून आणणार? आपण 'समोर पाहावे' लिहिलं. थ्याने पप्पाले समोर फिरवलं आणि उरलेला चेहरा मनानं बनवला."

"मग लिही," मी घाईने म्हणाले. "डाव्या गालावर भाजल्याची खूण. लिही."

तिने नाइलाजाने लिहिले. जे चित्र आले ते पाहून मोनालीने तोंडावर हात घेतला. गालावर आडवी, तांबडी, सुरीने कापल्यासारखी रेघ होती. दरोडेखोरासारखा कोणी इसम माझ्या घरच्यांत उभा होता. भूमिकेने ते तत्काळ पुसले, तरी प्रवीणने पाहिलेच होते. तो हसला. ते हसणे मला असह्य झाले.

"राहू दे ना, बेटा," तो म्हणाला. "समोर पाहाचं काढून टाक. मी जसा उभा असतो तसाच ठेव, आडवा."

"जसा असतो म्हणजे?" मी विचारले.

"माय, तू मले दरसाल टोकालेच उभा करतं अन् इकडं पाहाले लावतं. चार साल झाले. तुले काय वाटलं, मले समजत नाई?"

त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिले असते. रागाला उत्तर देणे मला येते. मी यजमानांकडे पाहिले. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले होते आणि ते जमिनीकडे पाहत होते. मोनालीही माझ्याकडे पाहत नव्हती. म्हणजे हे सर्वांना ठाऊक होते. चार पाडवे मी त्याला उन्हाचे निमित्त सांगून, उंचीचे निमित्त सांगून त्या कोपऱ्यात नेले, आणि सगळे घर माझ्या हुकमाप्रमाणे काही न समजल्यासारखे उभे राहिले. मी स्वतःलासुद्धा सांगत आले होते की हे त्याच्याकरिता आहे.

पण गुळगुळीत गालांचे ते परके तोंड पाहून "घराणे" कोण म्हणाले? त्याला न ओळखता मला आनंद झाला होता. हे मला आता कळले.

"चित्राला दुसरा फोटो लागेल," मी म्हणाले. "समोरून काढलेला. उजेड डावीकडून."

"मले गरज नाई," प्रवीण म्हणाला.

"मला आहे."

"हुकूम हाय का?"

पन्नास वर्षांत या घरात मी कोणाला काही विचारलेले नाही, सांगितले आहे. शब्द जुळवायला मला वेळ लागला.

"नाही," मी म्हणाले. "विचारते आहे. येशील का?"

त्याने हातातला डबा मोनालीकडे दिला आणि म्हणाला, "तोंड धुऊन येतो. काजळी लागली हाय."

आम्ही अंगणात उभे राहिलो. यजमान आपल्या जुन्या जागेकडे निघाले, त्यांना मी थांबवले. प्रवीणला मध्ये घेतले. मी त्याच्या डाव्या बाजूस उभी राहिले. पश्चिमेचे ऊन सरळ त्याच्या गालावर पडले होते. शेजारून, इतक्या जवळून, मी तो गाल भर उजेडात प्रथमच पाहिला. कातडी कानाजवळ ताणलेली, मध्ये दुमडलेली, हनुवटीपाशी तिचा रंग फिका. रुग्णालयात त्याची पट्टी सुटली त्या दिवशी मी प्रसादाचे निमित्त काढून बाहेर गेले होते.

"आजी, समोर पाहा," भूमिका म्हणाली. "तुम्हीच तोंड फिरवून राहिल्या."

यजमान म्हणाले, "पहिल्यांदा कोणी तिले सांगून राहिलं," आणि प्रवीण मनापासून हसला. त्याच क्षणी फोटो निघाला.

या वेळी कपडे मी मोजून सांगितले. यजमानांना धोतर आणि कोट. मला कोशाचे लुगडे, डोक्यावरचा पदर मागे सरकवलेला, म्हणजे कपाळ झाकणार नाही. प्रवीणला पांढरा सदरा, गळा उघडा, डोके उघडे. शेवटी भूमिकेने लिहिले: चेहऱ्यावरील कोणतीही खूण पुसू नये, त्वचा गुळगुळीत करू नये, कोणी कसे उभे आहे ते बदलू नये.

चित्र आले. मी ते मोठे करून प्रवीणचा गाल मूळ फोटोशी ताडला: कानाजवळचा ताण, मधली दुमड, फिका रंग. सर्व होते. मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्याने पाहिले, मान हलवली आणि स्वतःच्या बोटाने भाऊबंदांना पाठवून दिले.

मग तो जेवायला गेला, आणि मी एकटीच ते चित्र पाहत बसले. तेव्हा मला दिसले की चित्रातल्या कोशाच्या लुगड्यातून माझा हात बाहेर आला होता आणि त्याने प्रवीणची पांढरी बाही घट्ट मुठीत धरली होती. यंत्राने काही भलतेच केले असेल, असे मला वाटले. मी मूळ फोटो उघडला. त्यातही मी त्याच्या कामावरच्या सदऱ्याची बाही तशीच धरली होती. धरल्याचे मला आठवत नव्हते.