चिकपेटच्या बायकांचे शब्द

बंगळुरातल्या चिकपेटच्या म्हाताऱ्या मराठी बायकांच्या तोंडचे, कानडीत मुरलेले शब्द उमाकांतअण्णांनी आयुष्यभर गोळा करून जुन्या फाँटमध्ये टाइप केले होते. फ्लॉप्या बुरशीने गेल्या. उरली ती पुतण्याला ईमेलने पाठवलेली एकच प्रत.

बनशंकरीतली त्यांची शेजारीण नयना सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने फाँटमधल्या एकेका आकृतीला युनिकोडचं अक्षर जोडणारा प्रोग्राम लिहिला. अक्षराआधी टाइप झालेली ऱ्हस्व वेलांटीही युनिकोडच्या रीतीने अक्षरानंतर नेली. तरी पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली.

“अण्णा, संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो, आणि ईमेलने वाटेत बऱ्याच अक्षरांचे क्रमांक बदललेत. कुठेकुठे दोन वेगळी अक्षरं एकाच क्रमांकावर आलीत. नेहमीचं मराठी मी अंदाजाने लावीन, पण हे शब्द कुठल्याच कोशात नाहीत. मूळ काय होतं, तुम्हीच सांगा.”

अण्णा पडद्याजवळ वाकले. कितीदा ओठ हलवूनही एकही शब्द जुळेना.

“सांगणाऱ्या सगळ्या गेल्या गं,” ते म्हणाले. “पुसून टाक. चुकीचे शब्द त्यांच्या नावावर नकोत.”

नयनाचा हात पुढे होईना, तेव्हा त्यांनीच विचारलं, “कुठलं बटण?”

तिने दाखवलं. त्यांनी दाबलं.