अकरावा शनी

"नावाचं पहिलं अक्षर नको, जन्मतारीख सांगा," श्रीकृष्ण गुरुजींनी संगणकावरची बोटं थांबवली. "वेळ आणि गावसुद्धा."

प्रभावतीबाईंनी मोबाइल पुढे केला. सुनेच्या स्थळाचा बायोडाटा अजून त्यात होता. लग्न मात्र नावांवरूनच जुळवलं होतं, आणि साडेसातीही नावावरूनच काढली होती. सुरभी म्हणजे 'सु', 'सु' म्हणजे कुंभ. शनी मीनेत असताना कुंभेला शेवटची अडीच वर्षं, एवढं पंचांगातलं त्यांना पाठ होतं. सून आली, वर्षाच्या आत बाईंच्या नवऱ्याला, नानाजींना लकवा मारला. मग दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी सुनेला नेरला, तिच्या माहेरी नेऊन सोडलं. मुलगा मंदारने ब्रही काढला नाही. आता मात्र नानाजी अर्ध्या वाचेने सारखे सुनेचंच नाव घेत होते.

"किती जोर हाये साडेसातीचा, तेवढं पाहा गुरुजी. कमी झाला असंल तर आणतो तिले."

"इथे नाव भैरवी आहे."

"ते माहेरचं. सुरभी आमी ठेवलं. लग्नात, ताटातल्या तांदळात लिवून."

गुरुजी फटकळ म्हणून यवतमाळात प्रसिद्ध होते.

"म्हणजे नाव तुम्ही दिलं आणि त्या नावाची साडेसातीही तुम्हीच दिली. अहो, साडेसाती जन्माच्या चंद्रावरून मोजतात. चंद्राच्या मागची रास, चंद्राची स्वतःची आणि पुढची, अशा तीन राशींतून शनी जातो. या मुलीचा चंद्र वृषभेत आहे. तिथून मीन अकरावी. अकरावा शनी लाभाचा. सत्तावीस साली शनी मेषेत गेला की हिची सुरू होईल. तीही सौम्य. चंद्र उच्चीचा, शुक्लपक्षातला, वर गुरूची दृष्टी. चंद्र धडधाकट असला की शनी फार छळत नाही."

बाईंनी पदर सावरला. तो सावरलेलाच होता.

"मंग घरात हे कोणाचं आलं?"

"मंदारची पत्रिका माझ्याकडे आहे, कर्क रास. त्याला नाही. तुमचा जन्म कधीचा?"

"तारीख कोणाले ठाव? माय म्हणे, पाडव्याच्या आदल्या दिवशी झाली. अवसेले."

"तारीख नसली तरी चालेल. पाडव्याआधीच्या अमावास्येला सूर्य मीनेत असतो आणि अमावास्येला चंद्र सूर्यापाशीच." त्यांनी वर्ष विचारून संगणकावर पडताळलं. "मीनच. शनी आत्ता तुमच्याच चंद्रावर आहे, मधली अडीचकी. चंद्र अमावास्येचा, म्हणजे क्षीण. गुरूची दृष्टी नाही. ही कडक समजायची. पण नानाजींचं आजारपण मी तुमच्या माथी मारणार नाही. चंद्र म्हणजे मन. शनी आधी तिथेच बसतो. माणूस संशयी होतो, कडू होतो."

दक्षिणा ठेवून त्या बाहेर आल्या. चूल पेटवताना धूर डोळ्यांत जावा तसे डोळे चुरचुरत होते. घरी, दारव्ह्याला जाणारी जीप भरत आली होती. त्या मात्र नेरच्या बसमध्ये बसल्या.

भैरवीने दार उघडलं, पाया पडली, पाणी आणलं. ती वाळली होती. इतक्या महिन्यांत आपण फोनही केला नाही, हे बाईंना पेला हातात घेताना पहिल्यांदा जाणवलं. त्यांना मनापासून लाज वाटली. पण लाजेतही माणूस आधी आपली अब्रूच सावरतो.

"घरी चाल. तुही साडेसाती सरली," त्या म्हणाल्या.

भैरवी समोर खाली बसली.

"माही वृषभ रास हाये, आई. सुरूच नोती झाली."

"तुले माहीत होतं? मंग तवाच सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी दुसरं काई काढलं असतं."

बाहेर गल्लीत कोणी सोयाबीन पाखडत होतं. बाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"माही हाये," त्या शेवटी म्हणाल्या. मान वर झाली नाही. "साडेसाती माही हाये. गुरुजी म्हणे, कडक हाये."

भैरवीच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत असावी.

"मंग तुमाले कुठी पाठवाव आता?"

प्रभावतीबाईंचं माहेर कधीच संपलं होतं. उत्तराची वाट न बघता भैरवी आत निघून गेली. बॅग भरायला गेली की नुसतीच गेली, हे विचारायलाही त्यांना तोंड उरलं नव्हतं.