शनिवारची ओळ

कुंदा टीचरांचा मेसेज तिसरीच्या ग्रुपवर दुपारी यायचा, तोही इंग्रजीत. रोहिणी डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. डबा खाता खाता ती तो मराठीत लिहून सासऱ्यांना, चैत्रामआबांना, पाठवायची. आधी ॲपमधून करायची, पण त्यानं एकदा 'फेअर नोटबुक'चं 'गोरी वही' केलं आणि आबांनी पांढऱ्या कव्हरची वही शोधण्यात संध्याकाळ घालवली. तेव्हापासून ती स्वतःच लिहू लागली.

आबा शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहायचे. सासूबाई गेल्यावर तिच्या नवऱ्यानं, रोहिदासनं, त्यांना जळगावला आणलं. रोहिदासची दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीची ड्यूटी, त्यामुळे नातीचा, तेजलचा अभ्यास आबांकडेच होता. चष्मा लावून ते मेसेज मोठ्यानं वाचायचे आणि लिहिलेलं सगळं झाल्याशिवाय तिला उठू द्यायचे नाहीत.

त्या मंगळवारी टीचरांनी लिहिलं होतं: आजीआजोबांना विचारून जुन्या काळच्या खाण्यावर पाच ओळी लिहा, एक चित्र काढा. शनिवारी आजी किंवा आजोबांना वर्गात घेऊन या, ते मुलांशी आपल्याला जमेल त्या भाषेत बोलतील.

पहिलं वाक्य रोहिणीनं लिहिलं. दुसऱ्यावर तिचं बोट थांबलं. स्नेहसंमेलनात आबा तेजलला लांबून हाक मारून अहिराणीत काहीबाही बोलले होते आणि पुढच्या रांगेतल्या दोन आया एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. रोहिणीही हलकेच हसली होती, आपण त्यांच्यातल्याच आहोत असं दाखवायला. धुळ्याला तिच्या माहेरीही हीच बोली होती, ती तिनं कॉलेजात असतानाच सोडली होती.

तिनं चित्रापर्यंत लिहून मेसेज पाठवला.

आबांनी नातीला मोहाची फुलं सांगितली. पहाटे वेचायची, अंगणात वाळवायची, पाऊस दगा देईल त्या वर्षी भाकरीच्या पिठात मिसळायची. तेजलनं ते मन लावून लिहिलं. चित्रात झाडाखाली टोपलं काढलं.

शनिवारी रोहिणीच्या फोनवर वर्गाचे फोटो आले. फळ्यापुढे खुर्च्या, त्यांवर आजीआजोबा. एक आजी पदर सावरून बोलत होत्या. शेवटच्या फोटोत तेजल एकटीच उभी होती, कागद छातीशी धरून, डोळे सुजलेले. रोहिणीनं फोन उलटा ठेवला. समोरच्या पेशंटनं नाव दोनदा सांगितलं तरी तिला ऐकू आलं नाही.

घरी आली तेव्हा तेजल आतल्या खोलीत झोपली होती. आबा स्वयंपाकघराच्या दाराशी बसले होते.

"पोर बुधवारपाईन सांगत व्हती, शनिवारी आबाले बलावेल शे," ते म्हणाले. "मी म्हनं, तुना मायना मेसेजमा लिखेल नई शे. माले वाटनं, पोर खोटं बोलस. मी तिले रागे भरनू."

रोहिणी ओट्याकडे वळली.

"सुटी गयं व्हई तुन्हा नजरमाईन," आबा म्हणाले. "कामनी घाई ऱ्हास."

"हो, सुटलं," ती म्हणाली. सुटका त्यांनीच पुढे केली होती आणि तिनं ती दोन्ही हातांनी घेतली होती. तिनं चहाचं आधण ठेवलं, मग गॅस बंद केला.

"सुटलं नाही, आबा. मी वाचलं होतं. मुद्दाम लिहिलं नाही."

आबांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काच धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"मन्ही बोलीनी लाज वाटनी ना?"

आबा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"माले नको सांगू काही," ते उठत म्हणाले. "पोरले सांग. मी तिले खोटी म्हनेल शे."

तेजल उठल्यावर रोहिणी तिच्याजवळ जाऊन बसली. आबांना आईनंच सांगितलं नव्हतं, तू खरं बोलत होतीस, हे तिनं सांगितलं. "का नाही सांगितलं?" तेजलनं विचारलं. रोहिणी म्हणाली, "लोक हसतील म्हणून."

"टीचर तर कोणालाच हसल्या नाहीत," तेजल म्हणाली आणि उठून आबांकडे गेली.

रात्री रोहिणीनं कुंदा टीचरांना लिहिलं: निरोप मी घरी दिला नव्हता, चूक माझी. आबा पुन्हा कधी आले तर चालेल का? टीचरांनी कळवलं, धडा संपला आहे, पुढच्या सत्रात बघू.

सोमवारी मेसेज आला. रोहिणीनं एकेक शब्द मराठीत उतरवला, 'पालकांची सही' हेसुद्धा, आणि पाठवला. संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा आबांचा फोन खिडकीत होता. मेसेज उघडलेला नव्हता. चटईवर तेजल दप्तर उघडत होती आणि आबा तिला विचारत होते, "सांग बेटा, काय सांगं तुना टीचरनी?"

रोहिणी चपला काढत दारातच थांबली.