फॉल लावण्याआधी

पाडव्याला अकरा दिवस राहिले होते आणि जगदीशकाकांचा चौदावा बदल आला. गिऱ्हाइकाने स्वतःचा फोटो टाकला की साइटने त्यावर साडी नेसवून दाखवावी.

हिंदमाता मार्केटमधल्या त्यांच्या साडीच्या दुकानाची वेबसाइट पाडव्याला सुरू व्हायची होती. तसं काकांनी गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं. लालबागच्या एका खोलीतल्या ऑफिसात मेघना डिझाइन करायची, विनीत कोड लिहायचा.

"करारात काय आहे?" विनीतने विचारलं.

"पाच पानं, ऑर्डरचा फॉर्म, बदलांच्या दोन फेऱ्या. त्या कधीच संपल्या."

"मग लिही ना, करारात नाही. एक ओळ."

"आईच्या लग्नाचा शालू त्यांच्याकडचा आहे रे. एक ओळ कशी लिहू?"

"मग शालू नेसून पाडवा चुकव."

चूक तिचीही होती. दर बदलाला ती "करते काका" म्हणत आली होती.

मागच्या आठवड्यात फोटो काढायला ती दुकानात होती. एका बाईंसमोर काकांनी चाळीस साड्या उलगडल्या. बाई काही न घेता निघाल्या, तरी काकांनी चहा पाजूनच पाठवलं. मग दुसरी आली, नेलेली साडी बदलून मागत. काकांनी कड उलटून पाहिली आणि हात जोडले. "ताई, फॉल लागला. आता नवी बघूया."

मेघनाने मेल लिहायला घेतला.

'काका, फोटोवर साडी दाखवायची कल्पना छान आहे. पण ती आपल्या ठरलेल्या कामात नाही, आणि बदलांच्या दोन्ही फेऱ्याही झाल्या आहेत. हे मी आधीच सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी हो म्हणत गेले, ती चूक माझी. डिझाइन दाखवत होतो तोवर साड्या उलगडणं चाललं होतं. आता फॉल लागलाय. दोन मार्ग आहेत. ठरलेली साइट पाडव्याला सुरू करू आणि नव्या गोष्टींचं वेगळं अंदाजपत्रक नंतर देऊ. किंवा हे आत्ता घेऊ. मग वेगळा खर्च येईल आणि सुरुवात निदान महिनाभर पुढे जाईल. गुरुवारपर्यंत कळवाल?'

विनीतने वाचलं. "महिनाभर नको, पाच आठवडे लिही. उगाच कमी सांगू नकोस."

तिने आकडा बदलला आणि मेल पाठवला. दुपारभर उत्तर नाही. तिने दोनदा मेल उघडून आपलीच वाक्यं तपासली.

संध्याकाळी काकांचा फोन आला, मागे कात्रीची करकर.

"मेघना, फॉल लागला हे कोणी सांगितलंच नाही मला. मी आपला उलगडतच बसलो. पाडव्याला साइट सुरू कर. बाकीचं घडी करून ठेव, नंतर हिशेब सांग. आणि तो वरचा रंग जरा…"

आवाज थांबला. कात्रीही थांबली.

"राहू दे. आईला घेऊन ये पाडव्याला."