बाबांच्या भाषणातले ‘असो’

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर काय आला, सृष्टीला वाटायला लागलं की जगातलं कुठलंही भाषण आपण सरळ करू शकतो. मग बाबांचं तर काय, घरचंच भाषण!

थोरल्या बहिणीच्या, पूर्णिमाताईच्या, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कर्वेनगरच्या कार्यालयात संगीत होतं. सूत्रसंचालन नवऱ्यामुलाचा, म्हणजे तेजसचा, चुलतभाऊ समर्थ करणार होता. त्याचा मेसेज आला होता : ‘काका, तुम्हाला पाच मिनिटं. प्लीज! दहाला स्पीकर बंद होतो आणि आमचे डान्स खूप आहेत.’

बाबांनी, म्हणजे नागोरावांनी, भाषण मोबाइलवर बोलून ठेवलं होतं. बावीस मिनिटं!

“बाबा, एवढ्या वेळात लोक जेवून पान खाऊन घरी जातील.”

“मंग काप की,” बाबा म्हणाले. वाशीम सोडून पंचवीस वर्षं झाली, तरी ‘मंग’ काही सुटला नव्हता. “चांगल्या गोष्टी ठेव. आन् शेवट ठेव. बाकी तू काय करशील ते कर, चॅम्पियन.”

सृष्टी कानात इअरफोन घालून बसली आणि सगळं टाइप करून काढलं. पहिली कात्री सोपी होती. सुरुवातीला बाबांनी व्याह्यांपासून केटररपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले होते. ते एका वाक्यात आणलं, “जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.” लग्न कसं जमलं, पत्रिका कुणी पाहिली, पाहुणे चुकून मांजरी गावात कसे पोचले, सगळं उडवलं. भाषण निम्म्यावर आलं. सृष्टी स्वतःवरच खूश झाली.

मग ती गोष्टींकडे वळली आणि तिथं घोडं अडलं.

स्कूटरची गोष्ट घ्या. ताई स्कूटर शिकताना थेट मेथीच्या हातगाडीत घुसली, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. पण बाबांनी ती कशी सांगितली होती? स्कूटर कुणाकडून घेतली, तिचं ॲव्हरेज किती, लायसन्सला किती खेपा झाल्या, मग एकदाची गाडी हातगाडीत घुसली, मेथी रस्ताभर झाली आणि... “असो.”

असो? सृष्टीनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. असोच.

पुढची गोष्ट ताईच्या पहिल्या पगाराची. खराडीचं ऑफिस, तिथली बस, बसची गर्दी, ऑफिसातली लिफ्ट, ताई मिठाई घेऊन घरी आली आणि... “असो.” आणि शेवट! शेवट म्हणजे उद्याची कानपिळी. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि हवं ते मागून घेतो. बाबा तिथवर आले, मग एकदम हवामानावर गेले, मग कार्यालयाच्या पार्किंगवर. “असो. सुखी राहा.”

सृष्टीनं इअरफोन काढले.

मेथी कुणी विकत घेतली होती? शुभंकरदादानं, ताईच्या पाठच्या भावानं. चुरडलेली सगळी मेथी पिशव्या भरभरून घरी आणली होती, आणि आठवडाभर घरात पराठे, भाजी, वरण, सगळ्यात मेथी. मिठाईचा डबा लिफ्टमध्येच उघडून रिकामा कुणी केला होता? ताईला घ्यायला गेलेल्या दादानंच. प्रत्येक ‘असो’च्या मागे दादा उभा होता. तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. तेव्हापासून त्याचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं, पण पाळत सगळे होते. सृष्टीसुद्धा.

बाबा पाल्हाळ लावत नव्हते. त्याला वळसा घालून जात होते. आणि वळसा लांबचाच पडणार.

तिनं लायसन्स काढलं, बस काढली, पार्किंग काढलं. प्रत्येक ‘असो’ खोडला आणि तिथं लिहिलं, ‘शुभंकर’. मग घड्याळ लावून बाबांच्या संथ चालीत सगळं मोठ्यानं वाचलं. चार मिनिटं! एक मिनिट तिनं मुद्दाम शिल्लक ठेवलं. हशा पिकतो, टाळ्या पडतात, बोलणाऱ्याला गहिवरून येतं, त्याला जागा लागते. स्पर्धेच्या वेळी बाईंनी तिला हेच बजावलं होतं.

कागद आईच्या हातात पडला. आईनं तो उभ्याउभ्याच वाचला.

“हे नाही म्हणायचं तिथं.”

“आई, पण त्याशिवाय गोष्टी पुऱ्या होत नाहीत.”

“नको होऊ देत! तिच्या सासरच्यांसमोर मला रडारड नको. शुभकार्य आहे, सृष्टी. एवढं कळायला स्पर्धा जिंकावी लागत नाही.”

सृष्टीचे डोळे भरले, पण ती मागे हटली नाही. “मग वळसेच ठेवू या का? पाच मिनिटांत ते बसत नाहीत. वळसे काढून दादालाही काढलं, तर ताई एकटीच वाढली असं होईल. तिला काय वाटेल?”

आईनं कागद टेबलावर ठेवला आणि ती आत निघून गेली. बाबांनी तो उचलला. ओठ हलवत वाचला. ‘शुभंकर’ आलं की ओठ थांबायचे.

“मला जमायचं नाही, बेटा.”

“वाचू नका बाबा. गोष्टी तुम्हाला येतातच. फक्त शेवटची वाक्यं पाठ करा.”

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

संगीताच्या संध्याकाळी समर्थनं माइक दिला. “आता काका! फक्त पाच मिनिटं हं!” सृष्टी पहिल्या रांगेत बसली. बाबांना दिसेल असा मोबाइलचा टायमर तिनं मांडीवर ठेवला होता. शेजारी आई, पदर घट्ट धरून.

“जमलेल्या सगळ्यांना नमस्कार,” बाबा म्हणाले. स्कूटर आली. हातगाडी आली. मेथी रस्ताभर झाली. बाबा थांबले. सृष्टीला वाटलं, आता आला ‘असो’.

“आमच्या शुभंकरनं ती सगळी मेथी घेतली,” बाबा म्हणाले.

हॉल हसला. तेजसकडचे हसले, वाशीमचे हसले. ताईनं मात्र तोंडावर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा ते नाव बाबांच्या आवाजात आलं होतं. मिठाईचा रिकामा डबा आला, पुन्हा हशा. बाबा नकळत सरळ उभे राहिले होते.

“उद्या कानपिळी आहे,” बाबा म्हणाले. “शुभंकरनं लहानपणीच ठरवून ठेवलं होतं, ताईच्या नवऱ्याचा कान पिळायचा आणि बुलेट मागायची. सराव सृष्टीच्या कानावर करायचा. तेजसराव...”

त्यांनी श्वास घेतला.

“तेजसराव, तुमची बुलेट वाचली.”

कुणी हसलं नाही. तेजसनं मान खाली घातली.

आता एकच वाक्य राहिलं होतं. बाबांचे ओठ हलले, आवाज आला नाही. सृष्टीनं टायमर पाहिला. चार मिनिटं. समर्थ मंचावर पुढे सरकला, माइक घ्यायला. सृष्टीनं ताडकन हात वर केला, थांब! तो थांबला.

शिल्लक ठेवलेलं ते एक मिनिट बाबा नुसते उभे राहिले. सृष्टीला वाटलं होतं, हे मिनिट हशाला लागेल, टाळ्यांना लागेल. ते सगळं दादाला लागलं.

आई उठली. हळूहळू मंचावर गेली आणि बाबांच्या हातातला माइक धरला. घेतला नाही. त्यांच्या हातासकट स्वतःच्या तोंडाशी नेला.

“आमच्या शुभंकरची ताई आहे ही,” आई म्हणाली. “तिला सांभाळा.”

आणि मग बाबांनी पाठ केलेलं शेवटचं वाक्य म्हटलं, “सुखी राहा, पूर्णे.”

टायमर वाजला. सृष्टीनं तो बंद केला नाही. मांडीवर तसाच वाजत राहिला, आणि ताई लेहेंगा सावरत मंचाकडे धावली.