कोऱ्या तिकिटांची सुनावणी

श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षात साहेबांनी नवा नियम आणला. तिकिटात, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीच्या नोंदीत, मजकूर कोरा किंवा अक्षरांचा नुसता कचरा असेल, तर ते आपोआप बंद. बंद तिकिटांचा आकडा फुगला आणि त्याबरोबर साहेबांची छातीही.

शिफ्टप्रमुख ताई मात्र रोज सकाळी ती तिकिटं पुन्हा उघडून बसत.

"कोऱ्या कागदाला काय उत्तर देणार, ताई?" साहेबांनी विचारलं.

"आधी बघणार, पाठवणारा आपलंच गिऱ्हाईक आहे का, विषयात काही आहे का, फोटो जोडलाय का. काहीच नसलं तर एका ओळीत विचारणार आणि थांबणार. ऐकू येत नाही म्हणून लिहितात लोक. आपणही कान बंद केले तर झालंच."

साहेबांनी पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांच्या माळेवर बोट ठेवलं. "आणि हे? कीबोर्डवर मांजर चाललंय."

"मांजराला ग्राहक क्रमांक नसतो. हे एक आजोबा आहेत, कीबोर्डची भाषा बदलायला विसरले. त्याच कळा आपल्या भाषेत दाबून बघितल्या. 'डाव्या कानात शिट्टी वाजते' असं लिहिलंय."

त्या आठवड्यात कोऱ्या तिकिटांचं पेवच फुटलं. सगळी ॲपच्या नव्या फॉर्ममधून आलेली, ईमेलनं आलेली एकही नाही. ताईंनी ती एकाच बिघाडाखाली जोडली आणि तंत्रज्ञांना कळवलं: गिऱ्हाईकं मुकी झालेली नाहीत, फॉर्म मुका झालाय.

"माझा आकडा बुडवलात," साहेब म्हणाले. "वर तक्रार करतो. शिफ्ट जाईल तुमची."

"जरूर करा."

कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही त्याच फॉर्मनं याच कक्षात येत आणि इथून पुढे जात. दुसऱ्या दिवशी बंद तिकिटांत एक सापडलं. विषय: ताईंना शिफ्टवरून हटवणे. मजकूर: कोरा. साहेबांच्या नियमानं साहेबांचंच तोंड बंद केलं होतं.

शेजारची सहकारी खुसखुसली. "राहू द्या की. आयतंच पथ्यावर पडलंय."

"मग त्यांच्यात नि माझ्यात फरक काय?" ताईंनी तिकीट उघडलं आणि नेहमीची ओळ पाठवली: आपला मजकूर पोचलेला नाही, कृपया पुन्हा कळवा.

साहेब तरातरा आले. "दोन पानं लिहिली होती मी!"

"एक अक्षर आलं नाही. ईमेल करा, ते पोचतं. मी स्वतः वर पाठवते. नाहीतर तोंडी सांगा, लिहून घेते. 'ताई ऐकत नाहीत', असंच ना?"

सगळा कक्ष अचानक फार मन लावून काम करू लागला.

"जाऊ द्या," साहेब पुटपुटले. "बंद करा ते."

"करते. आधी तो आपोआपचा नियम बंद करा. तोवर हे उघडंच राहील, कोऱ्यांच्या रांगेत, सगळ्यांना दिसेल असं."

"तुम्ही मला अट घालताय?"

"हो."

साहेबांनी खुर्ची ओढली. "कुठे असतं ते बटण?"

ताईंनी दाखवलं.